नोट्टुस्वर ते बँड: एका छोट्या प्रकल्पाच्या नोंदी

१९ जून २०२३

आषाढ लागला. लग्नं थांबली, त्यामुळे बँडवाल्या मंडळींना आता गणपतीपर्यंत थोडी उसंत आहे. मास्तरांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी द्यायचं कबूल केलं. सात जण आहोत: दोन कॉर्नेट, एक ई फ्लॅट हॉर्न, एक युफोनियम, साइड ड्रम, मोठा ढोल आणि क्लॅरोनेटवर मी.

काम असं. कर्नाटकी संगीतातले रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांचं ‘सन्ततं पाहि मां’ हे नोट्टुस्वर या बँडवर बसवायचं. नोट्टुस्वर म्हणजे विलायती चालीवर रचलेलं संस्कृत गीत. ‘नोट्टु’ हा ‘नोट’चाच तामीळ उच्चार. दीक्षितरांची अशी चाळीसएक गीतं आहेत आणि सगळी शंकराभरणात, म्हणजे आपल्या बिलावलच्या शुद्ध स्वरांत. ‘सन्ततं पाहि मां’ची चाल ‘गॉड सेव्ह द किंग’ची आहे. दीक्षितरांनी ती मद्रास भागात सेंट जॉर्ज किल्ल्यावरच्या बँडकडून ऐकली, असं परंपरा सांगते. म्हणजे चाल बँडमधून निघून गळ्यात गेली होती, ती मी परत बँडवर आणतोय. जाता-येता काय सुटतं आणि काय चिकटतं, ते मला पाहायचंय.

मास्तरांना ‘गॉड सेव्ह’ म्हटल्यावर लगेच चाल आठवली. त्यांच्या आजोबांच्या काळात पोलीस परेडला वाजायची, म्हणाले.

२२ जून

अक्कांकडे गेलो. त्यांचं माहेर तंजावरचं. घरात तिकडची मराठी, शाळेत तामीळ, गाणं कर्नाटकी. लग्नानंतर पुण्यात आल्या. माझ्याकडची स्वरलिपी तामीळ लिपीत आहे. अक्का वाचत गेल्या आणि मी देवनागरीत उतरवत गेलो:

सा सा रे | नि– सारे | ग ग म | ग– रेसा | रे सा नि | सा – –

असं मी पहिल्यांदा लिहिलं आणि अक्कांनी तिथेच थांबवलं. दुसऱ्या गटात नि दीड मात्रेचा आहे, त्यापुढचा सा अर्ध्या मात्रेचा आणि रे पूर्ण एका मात्रेचा. मी सा आणि रे दोन्ही एका मात्रेत कोंबले होते. चौथ्या गटात ग, रे, सा यांचंही तसंच. भातखंडे पद्धतीत एका मात्रेतले स्वर खालच्या कंसाने जोडायची सवय, पण इथे अर्धा स्वर आधीच्या लांब स्वराच्या शेपटीला जोडायचा आहे. शेवटी मी अर्ध्या मात्रेची घरं आखली आणि प्रत्येक गटाला सहा घरं दिली. दुसरा गट आता ‘नि – – सा रे –’ असा दिसतो. दिसायला ओबडधोबड आहे, पण चुकायला जागा नाही.

मग अक्कांनी शब्द घालून गायलं आणि मला काम सोडून नुसतं ऐकत बसावंसं वाटलं. पाहा ना: दीड-अर्धा-एक या लयीवर शब्द आलेत ‘पा-हि-मां’. गुरू, लघू, गुरू. चौथ्या गटात ‘श्या-म-ळे’. परत गुरू, लघू, गुरू. उत्तरार्धात ‘चिन्तितार्थप्रदे’मधला ‘र्थ’ लांब स्वरावर पडतो. पुढे जोडाक्षर असल्यामुळे तोही गुरूच. विलायती चालीतल्या लांब-आखूड स्वरांना दीक्षितरांनी संस्कृत छंदाच्या तराजूत तोललंय. सगळीकडे हे जमत नाही. ‘चिद्रूपिणि शिवे’मधला ‘णि’ लघू असूनही लांब स्वरावर ताणला जातो. पण जिथे जमलंय तिथे चाल उसनी वाटतच नाही.

आणि शेवटी ‘श्री गुरुगुहसेविते’ म्हणून आपली मुद्राही घातली आहे. राजाच्या सलामीच्या चालीवर देवीला, संगीतश्यामळेला हाक मारली आहे, आणि खाली स्वतःची सही केली आहे.

२७ जून

इथे एक चूक दुरुस्त करून ठेवतो, कारण प्रकल्पाचं नावच मी ‘ब्रास बँडमधून गळ्यात’ असं ठेवलं होतं.

दीक्षितरांचा काळ १७७५ ते १८३५. बोटांनी दाबून नळीची लांबी बदलणारे वाल्व असलेली पितळी वाद्यं निघाली १८१५च्या आसपास, आणि ती पलटणींत रुळायला आणखी वीस-तीस वर्षं लागली. वाल्व नसलेल्या ट्रम्पेटमधून सगळे स्वर निघत नाहीत. नळीची लांबी ठरलेली असते, त्यामुळे ओठ आवळून तिच्या पटीतलेच स्वर मिळतात: खाली सा, मग प, वरचा सा, ग, प. शेजारशेजारचे सा रे ग म लागतात ते पार वरच्या टोकाला गेल्यावरच. ‘सा सा रे, नि सा रे’ ही चाल मधल्या पट्टीत तिच्यावर वाजूच शकत नाही.

म्हणजे किल्ल्यावर ही चाल वाजली असेल ती क्लॅरोनेट, ओबो, बासरी यांवर. खालच्या सुरांना बॅसून आणि हॉर्न, मागे ढोल. पितळी वाद्यं होती, पण सुरावट लाकडी वाद्यांची. नुसत्या पितळेचा बँड रुळला तो वाल्व आल्यानंतरच.

हे मास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, “म्हणजे क्लॅरोनेट पुढे आणि आम्ही मागे?” तसंच करायचं ठरलं. पहिल्या फेरीत चाल मी एकट्याने वाजवीन. कॉर्नेट दुसऱ्या फेरीत येतील, आणि ती फेरी पन्नास वर्षांनंतरची आहे असं मानायचं.

४ जुलै

सूर लावण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

बँडची वाद्यं बी फ्लॅट आणि ई फ्लॅटवर बांधलेली असतात. आपल्या भाषेत काळी पाच आणि काळी दोन. बी फ्लॅट कॉर्नेटवाल्याने कागदावर पाहिलेला सा वाजवला की निघते काळी पाच. म्हणून बँडचा सा काळी पाच धरला की कॉर्नेट, क्लॅरोनेट आणि माझा कागद यांची लिपी साधी राहते, एकही तीव्र-कोमल खूण लागत नाही. हॉर्न ई फ्लॅटचा असल्यामुळे त्याच्या कागदावर तीच चाल पंचमापासून सुरू होते आणि एक खूण चढते. अक्का मात्र पांढरी पाचला गातात. त्यांच्यासाठी बँड तिकडे न्यायचा तर बोटं इतकी अवघड होतात की दुसरा कॉर्नेटवाला पहिल्याच ओळीत थांबला. शेवटी अक्काच म्हणाल्या की मी वर काळी पाचला गाते.

आपल्याकडे सा गाणाऱ्याचा असतो. बँड आला की सा वाद्याचा होतो. पुढे पेटीने ही सवय घरोघर नेली, पण बँडमध्ये ती पितळेतच ओतलेली असते.

दुसरी अडचण जुन्या कॉर्नेटची. मास्तरांकडे वडिलांच्या वेळचं एक विलायती कॉर्नेट आहे, आवाज इतका मऊ की तेच वापरायचा मोह होतो. पण ते पेटीशी जुळेना. पेटीच्या काळी पाचपेक्षा वर आणि पांढरी सातच्या खाली, बरोबर मधोमध. कारण साधं आहे. ब्रिटिश लष्करी बँडांत पूर्वी चढा सूर चाले, आजच्या ४४० ऐवजी सुमारे ४५२ कंपनांचा. लष्कराने तो १९२०च्या दशकाच्या अखेरीस सोडला, पण जुनी वाद्यं त्याच मापाची राहिली.

उपाय म्हणून मुख्य सरकती नळी जवळजवळ दोन सेंटिमीटर बाहेर ओढली. सा जुळला. मग चाल वाजवली आणि रे बेसूर. वाल्वच्या छोट्या नळ्या मूळ मापाच्याच राहिल्या होत्या. मोठी नळी वाढवल्यावर त्या प्रमाणात तोकड्या पडल्या. खालचा रे पहिला आणि तिसरा वाल्व एकदम दाबून निघतो. तो नव्या कॉर्नेटवरही मुळातच जरा चढा असतो, इथे तर टोचत होता. आणि या चालीत पहिल्या दोन गटांतच रे दोनदा येतो. तिसऱ्या वाल्वची नळीही थोडी ओढली, तेव्हा कुठे तो खाली बसला. ओळखायची सोपी खूण मास्तरांनी सांगितली: सा आणि प वाल्व न दाबता निघतात, ते जुळले आणि रे चढा राहिला, तर दोष फुंकणाऱ्याचा नसून नळ्यांचा.

११ जुलै

सात जणांत स्टाफ नोटेशन वाचता येतं मास्तरांना आणि मला. बाकीचे कानाने उचलतात. मास्तर तोंडाने ‘सा सा रे’ म्हणून दाखवतात आणि दोन वेळात चाल बसते. मी सुबक छापून आणलेले पाच रेघांचे कागद स्टँडवर तसेच राहिले. मास्तरांनी माझा सहा घरांचा देवनागरी तक्ता मात्र मागून घेतला आणि ढोलवाल्यालाही दिला.

मास्तरांना वाचता येतं ते एका गोव्याच्या वादकामुळे. तरुणपणी मुंबईत त्यांच्या शेजारी वाजवायला बसत, तेव्हा शिकले. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना लहानपणीच सोल्फेज आणि व्हायोलिन शिकवत. ती मुलं मोठी होऊन ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पलटणींत, संस्थानांच्या बँडांत आणि पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदांत पोचली. वाचता येणं हीच त्यांची भाकरी होती. इतरांच्या हातात वाद्यं गेली, कागद तेवढा गेला नाही. पलटणीतून काढलेली कर्णी, ढोल आणि जुने गणवेश लग्नाच्या बँडांत आले ते असे कानावर चालणाऱ्या माणसांच्या हाती. म्हणूनच हे बँड कुठलंही गाणं संध्याकाळपर्यंत उचलतात.

१८ जुलै

आजचा प्रश्न खालच्या सुरांचा होता. युफोनियमने काय वाजवायचं?

विलायती पद्धतीत या चालीखाली मंद्रातला सूर दर मात्रेला हलतो. दुसऱ्या गटात ‘नि’ आला की खालचा सूर पंचमावर जातो. प आणि नि मिळून कान तयार होतो आणि पुढच्या सा वर येऊन मोकळा होतो. मी जुन्या ढंगाने तशी साथ लिहिली. वाजवली तेव्हा खोलीत खरंच परेडचं मैदान उभं राहिलं.

मग तोच कागद बाजूला ठेवून युफोनियमला नुसता सा आणि हॉर्नला प धरायला सांगितला, अखंड, तंबोऱ्यासारखा. मी चाल वाजवली. दुसऱ्या गटात दीड मात्रेचा नि आला तो सा च्या अंगावर घासला. तिथे खालून कुणी पंचमावर जाऊन त्याला वाट देत नाही. नि तसाच टोकावर उभा राहतो आणि सा येईपर्यंत ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो. सूर तेच, लय तीच, तरी गाणं दुसरंच.

दीक्षितरांनी चाल घेतली, तिच्याखालचे हलते सूर घेतले नाहीत. लिपीत एकच ओळ आहे. मला वाटतं त्यांना त्या बाकीच्या सुरांची गरजच नव्हती. सा-प कानात कायमचे होते आणि तेवढ्यावर ही चाल उभी राहते, हे आज माझ्या कानांनी ऐकलं. आम्ही दोन्ही फेऱ्या ठेवतोय. आधी हलत्या साथीची, मग धरलेल्या सुरांची.

२५ जुलै

तंजावरबद्दल थोडं लिहून ठेवतो, कारण अक्का प्रत्येक भेटीत विचारतात, “आमच्या राजाचं कुठे आलं?”

दुसरे सरफोजी १७९८ साली गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी राज्य कंपनीच्या हाती गेलं. उरला किल्ला, वाडा आणि तनखा. मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली ते वाढलेले, इंग्रजी उत्तम. त्यांनी वाड्यात विलायती बँड ठेवला. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीतले दरबारी कागद आणि मराठी नाट्य-नृत्याच्या रचना यांच्यासोबत त्यांनी गोळा केलेलं विलायती संगीतही राहिलं. दरबारातले वराहप्पा अय्यर व्हायोलिन आणि पियानो वाजवत. नर्तनाचे गुरू असलेल्या तंजावरच्या चार भावांतले वडिवेलु व्हायोलिनसाठी नावाजले. मद्रासकडे दीक्षितरांचे धाकटे भाऊ बालुस्वामी एका युरोपियन वादकाकडून व्हायोलिन शिकले.

अक्कांना अभिमान आहे तो याचा, की मराठी घराण्याच्या वाड्यात हे घडलं. मला त्यात आणखी एक दिसतं. तोच बँड, तीच पिढी, पण व्हायोलिनचं जे झालं ते चालींचं झालं नाही. व्हायोलिन त्यांनी मांडी घालून, टोक पायाच्या घोट्यावर टेकवून धरलं, तारा सा-प, सा-प अशा लावल्या आणि बोट घासून प्रत्येक गमक, म्हणजे स्वराचं हलणं-घसरणं, त्यावर काढलं. वाद्य पुरतं आपलं करून घेतलं. नोट्टुस्वर मात्र आजही मुलांना सुरुवातीला शिकवायची गीतं म्हणून राहिली, मैफलीच्या मध्यात ती सहसा येत नाहीत.

१ ऑगस्ट

ते का, याची आज परीक्षा घेतली.

अक्कांना शंकराभरणात ‘सा रे ग म प’ एवढंच सावकाश गायला सांगितलं आणि फोनवर घेतलं. मग तोच तुकडा ‘सन्ततं’मधल्या सरळ स्वरांसारखा गायला सांगितला. दुसऱ्या वेळी पाच स्वर, पाच पायऱ्या. पहिल्या वेळी मध्यम एका जागी नव्हताच. गंधारापासून उचलत, हलत तो वर येत होता, आणि कुठल्या क्षणी तो ‘म’ झाला हे सांगता येईना.

हा हलता मध्यम मी पाच रेघांवर लिहायचा प्रयत्न केला. आधी छोटे आगंतुक स्वर घातले: ग म ग म. पहिल्या कॉर्नेटने ते वाचलं... खरं तर मास्तरांनीच वाचलं, आणि वाल्व टकटक करत चार वेगळे स्वर निघाले. लिहिलं होतं तसंच वाजलं आणि तरी चूक होतं. कारण अक्कांच्या गळ्यात ग आणि म यांच्यामधली जागाही गायली जाते. कागदावर त्या दोन रेघांच्या मध्ये काही नाही आणि वाल्वच्या दोन बोटांच्या मध्येही नाही. मास्तरांनी मग कागद न पाहता वाल्व अर्धवट दाबून, ओठ सैल करून प्रयत्न केला. सनईवाल्यांची नक्कल करताना असं करतात, म्हणाले. पुष्कळ जवळ गेलं. क्लॅरोनेटवर बोटं हळूहळू सरकवून मला आणखी जवळ जाता आलं. क्लॅरोनेट दक्षिणेत नाचाच्या साथीला गेलं आणि ए. के. सी. नटराजन यांच्यासारख्यांच्या हाती मैफलीचं वाद्य झालं, कॉर्नेटचं तसं झालं नाही, ते या सरकत्या बोटांमुळेच असावं.

नोट्टुस्वर कागदावर सहज उतरतात, कारण त्यांत गमक नाही. आणि गमक नाही म्हणूनच शंकराभरणाचे सगळे स्वर असूनही ती शंकराभरण वाटत नाहीत.

८ ऑगस्ट

हीच अडचण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एका माणसाला आली होती. मद्रासचे ए. एम. चिन्नस्वामी मुदलियार. पाश्चात्त्य संगीत उत्तम जाणणारे. कर्नाटकी कृती नष्ट होतील या काळजीने त्यांनी १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या स्टाफ नोटेशनमध्ये छापायला घेतल्या. त्यासाठी सुब्बराम दीक्षितरांकडे गेले. सुब्बराम म्हणजे बालुस्वामींच्या घरातले, मुत्तुस्वामींची परंपरा घरातूनच आलेले. व्हायोलिन शिकलेल्या भावाच्या घरात दोन पिढ्यांनी पाच रेघा परत आल्या.

सुब्बरामांनी पुढे १९०४ मध्ये एट्टयपुरम संस्थानच्या आश्रयाने ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ छापली, पण पाच रेघांवर नाही. तेलुगू लिपीत सा रे ग म. ऱ्हस्व अक्षर म्हणजे एक मात्रा, दीर्घ म्हणजे दोन; आडवी रेघ आली की काळ निम्मा. आणि अक्षरांच्या माथ्यावर गमकांच्या खुणा: हलत्या स्वराला नागमोडी रेघ, घसरत्या स्वराला तिरपी, अशा कितीतरी. नेमकं किती हलायचं हे नागमोडी रेघ सांगत नाही. ते गुरूकडून आलेलं असणार असं ती गृहीत धरते. माझ्या ‘ग म ग म’ने ते नेमकं सांगायचा हट्ट धरला आणि तिथेच फसलो.

मी आज माझ्या तक्त्यातले आगंतुक स्वर खोडले. म वर एक नागमोडी रेघ काढून अक्कांना दाखवली. त्यांनी पाहिली आणि गायल्या.

१७ ऑगस्ट

अधिक महिना संपला, निज श्रावण लागला. पुढच्या आठवड्यापासून मास्तरांचा गणपतीचा सराव, म्हणून आज शेवटची बैठक.

ठरलेला क्रम: पहिली फेरी मी एकटा, ढोल हलका. दुसरी फेरी कॉर्नेटांसह, खालचे हलते सूर. तिसरी फेरी अक्का शब्दांसह गातील, युफोनियम सा वर आणि हॉर्न प वर, कॉर्नेट गप्प. जुनं कॉर्नेट दुसऱ्या फेरीत मास्तर स्वतः वाजवणार. रे साठी तिसऱ्या वाल्वची नळी कुठवर ओढायची, तिथे त्यांनी पेन्सिलीने खूण केली आहे.

दुसऱ्या फेरीच्या शेवटी एक गोष्ट झाली. ‘ध म ग रे सा’ या शेवटच्या ओळीत दुसऱ्या कॉर्नेटवाल्याने ग वर येताना म पासून ओठांनी हलकी घसर घातली. कुणी सांगितलं नव्हतं, कागदावरही नव्हतं. मास्तर ओरडतील असं वाटलं. त्यांनी पुन्हा वाजवायला लावलं आणि म्हणाले, “असंच ठेव.” तक्त्यात त्या जागी मी एक तिरपी रेघ काढली आहे.